दोन शैली एका चित्रात आणताना विषय कसा टिकवावा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मिडजर्नी या एआय चित्रसाधनात राखी बगळ्याच्या फोटोवरून चित्र करतो आहे. वुडकट आणि जलरंग अशी दोन शैलीची संदर्भचित्रे दिली आणि दोन्हींचे वजन सारखे ठेवले. चित्रात ना धड वुडकट दिसते ना जलरंग, सगळे गढूळ होते. कुठे चुकते आहे?

आकड्यांकडे वळण्याआधी या दोन शैली नेमक्या कोणत्या बाबतीत एकमेकींच्या विरोधात जातात ते पाहावे लागते. वुडकटमध्ये कडा धारदार असते, काळा रंग सपाट असतो आणि छटांची उतरंड जवळजवळ नसते. जलरंगात कडा ओल्या कागदावर पसरते, छटा हळूहळू उतरत जातात आणि कागदाचा पांढरेपणा रंगातून दिसत राहतो. म्हणजे कडेच्या प्रश्नावर दोघींची उत्तरे थेट उलट आहेत. मॉडेल दोन संदर्भचित्रे एकत्र करते तेव्हा ते या दोन उत्तरांच्या मधली जागा शोधते, आणि धारदार कडा व पसरलेली कडा यांच्या मध्ये जी अर्धवट कडा मिळते ती कोणत्याच शैलीची नसते. आपल्याला दिसणारा गढूळपणा हा त्या मधल्या जागेचा आहे.

म्हणून आधी कामाची वाटणी करावी. बगळ्याच्या बाबतीत मी रेषा आणि काळा रंग वुडकटकडे सोपवीन, रंग आणि छटा जलरंगाकडे. ही वाटणी संदर्भचित्रांच्या निवडीतही दिसली पाहिजे : वुडकटचे चित्र निव्वळ काळे-पांढरे घ्यावे, म्हणजे ते रंगाबद्दल काही बोलणार नाही, जलरंगाचे चित्र बाह्यरेषा नसलेले घ्यावे, म्हणजे ते रेषेबद्दल काही बोलणार नाही. कोणत्याही आकड्यापेक्षा या निवडीचा परिणाम मोठा असतो, आणि नेमके इथेच बहुतेक जण घाई करतात.

त्यानंतर प्रत्येक शैली एकटी चालवून पाहावी. तोच प्रॉम्प्ट आणि तोच सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, ठेवून `--sw` 25, 50, 100, 200 आणि 400 वर चित्रे काढावीत. हा आकडा शैलीचा एकूण जोर ठरवतो. तो 0 ते 1000 पर्यंत जातो आणि काही न दिल्यास 100 धरला जातो. प्रत्येक ओळीत दोन जागा नोंदवाव्यात : शैली पहिल्यांदा ओळखू येते ती, आणि पक्षी बिघडू लागतो ती. वुडकटचा गडद-उजळ फरक तीव्र असल्यामुळे ती शैली कमी जोरावरही ओळखू येते. जलरंगाला तिथे पोहोचायला जास्त जोर लागतो. समजा वुडकट 50 वर ओळखू आले आणि जलरंग 100 वर, तर समान वजनाचा अर्थ वुडकटला झुकते माप देणे असा होतो. अशा वेळी सुरुवात 1 ला 2 या प्रमाणाने करावी :

```
URL0 grey heron standing in shallow water, side view, black eye stripe, long dagger bill, bold carved black outlines, transparent watercolor washes --iw 1 --sref URL1::1 URL2::2 --sw 150 --seed 4021
```

यात `URL0` हा बगळ्याचा फोटो, `URL1` वुडकट आणि `URL2` जलरंग आहे. `--iw` हे फोटोचे वजन आहे. `::` नंतरचे आकडे फक्त दोन शैलींमधले आपसातले प्रमाण सांगतात, त्यामुळे 1 व 2 ऐवजी 2 व 4 लिहिल्याने काही साधत नाही. दोन्ही शैली मिळून विषयावर किती दाब टाकणार हे `--sw` ठरवतो. एक शैली दुसरीला झाकते आहे असे वाटले तर प्रमाण बदलावे. दोन्ही दिसतात पण पक्षी हरवतो आहे असे वाटले तर प्रमाणाला हात न लावता `--sw` उतरवावा. दोन्ही एकाच वेळी बदलले की कशाने काय झाले हे कळायला मार्ग राहत नाही.

प्रश्न : शैली वाढवली की विषय जातो, म्हणून `--iw` वाढवून 2.5 केला. आता विषय आहे पण चित्र पुन्हा फोटोसारखे दिसते. मधला आकडा कोणता?

मधला आकडा सापडेलही, पण तो फारसा समाधानकारक नसेल, कारण अडचण आकड्याची नाही. विषयासाठी दिलेला फोटो हीदेखील एक शैलीच आहे. त्यात भिंगाची अंधुक पार्श्वभूमी आहे, प्रकाशाची दिशा आहे, पिसांचा बारीक पोत आहे, पाण्याची चमक आहे. `--iw` वाढवताना आपल्याला फक्त बगळा हवा असतो, पण त्याच्याबरोबर हे सगळे आत येते. आपण दोन शैली मिसळत आहोत असे समजतो, प्रत्यक्षात त्या तीन झालेल्या असतात.

यावर उपाय म्हणजे फोटोमधली शैली आधीच कमी करून घ्यावी. पार्श्वभूमी कापून तिथे सपाट फिकट रंग भरावा, रंगाची तीव्रता उतरवावी, पक्षी चौकटीत मोठा घ्यावा. शक्य असेल तर फोटोवरून साधे रेखाचित्र करून तेच संदर्भ म्हणून द्यावे; ते कलात्मक असण्याची गरज नाही, फक्त आकार बरोबर असावा. असा संदर्भ दिला की `--iw` थोडा वर नेला तरी फोटोपण परतत नाही. याचा पल्ला 0 ते 3 आहे आणि मूळ मूल्य 1 आहे; मी साधारण 0.8 ते 1.5 या पट्ट्यात राहतो.

दुसरे म्हणजे विषयाची ओळख कशात आहे ते शब्दांत लिहावे. राखी बगळ्याची ओळख राखाडी पंखांत फारशी नसते. ती एस आकाराच्या मानेत, खंजिरासारख्या चोचीत आणि डोळ्यामागून शेंडीपर्यंत जाणाऱ्या काळ्या पट्ट्यात असते. या तीन खुणा प्रॉम्प्टमध्ये असल्या तर संदर्भचित्रावरचा भार हलका होतो. नुसते `heron` लिहिले तर दाब वाढताच पांढरा बगळा किंवा करकोचाही समोर येऊ शकतो.

विषय एखादी विशिष्ट व्यक्ती किंवा वस्तू असेल, तर सातव्या आवृत्तीत `--oref` आणि त्याचे वजन `--ow` ही स्वतंत्र सोय आहे. त्याचा पल्ला 1 ते 1000 आणि मूळ मूल्य 100 आहे. फोटोपासून दूरच्या शैलीत जायचे असेल तर `--ow` 25 ते 50 इतका खाली आणावा आणि ओळखीच्या खुणा प्रॉम्प्टमध्ये लिहाव्यात. `--sw` खूप वर असेल तर मात्र `--ow` चढवावा लागतो, नाहीतर शैलीपुढे चेहरा टिकत नाही.

प्रश्न : जलरंगाच्या संदर्भचित्रात एक होडी आहे. माझ्या प्रत्येक चित्रात बगळ्याशेजारी होडी येते. प्रॉम्प्टमध्ये होडीचा उल्लेखही नाही.

शैलीच्या संदर्भातून वस्तू झिरपणे हा फार नेहमीचा दोष आहे. मॉडेल संदर्भचित्र वाचते तेव्हा 'काय काढले आहे' आणि 'कसे काढले आहे' या दोन गोष्टी त्याच्याकडे वेगवेगळ्या कप्प्यांत येत नाहीत. होडी हा त्याच्या दृष्टीने त्या चित्राच्या स्वभावाचाच भाग असतो. जोर जितका जास्त, तितकी होडी ठळक.

होडी वगळून केवळ पाण्याचा आणि आकाशाचा तुकडा कापावा आणि तोच संदर्भ म्हणून द्यावा. शैली पोतात, कडेत आणि रंगसंगतीत असते, त्यामुळे तुकड्यातूनही ती पुरेशी पोहोचते. स्टेबल डिफ्यूजनवर संदर्भचित्र देण्यासाठी आयपी-अडॅप्टर वापरणाऱ्यांनी तर हे नेहमीच करावे, कारण तिथे संदर्भचित्र साधारणपणे 224 गुणिले 224 पिक्सेलच्या चौकोनात आणले जाते आणि आडव्या चित्राच्या कडा त्यात कापल्या जातात. आपल्याला आवडलेला रंगाचा ओघळ उजव्या टोकाला असेल आणि मध्यभागी होडी असेल, तर मॉडेलला होडीच दिसते, ओघळ दिसतच नाही. चौकोन आपण स्वतः कापावा.

स्टेबल डिफ्यूजन चालवण्याच्या कॉम्फीयूआय या साधनात एसडीएक्सएल मॉडेल असेल तर आयपी-अडॅप्टरच्या `weight_type` मध्ये `style transfer` हा पर्याय निवडावा. त्यात संदर्भाचा परिणाम मॉडेलच्या शैलीशी जास्त संबंध असलेल्या थरांपुरता मर्यादित राहतो आणि वस्तूंचे झिरपणे पुष्कळ कमी होते.

प्रश्न : मी स्वतःच्या संगणकावर कॉम्फीयूआय वापरते. दोन आयपी-अडॅप्टर, दोन शैली. बगळ्याची मान-चोच राहते पण पाय पाण्यात विरघळून जातात, वजन कितीही कमी केले तरी. शिवाय वुडकटच्या काळ्या रेषा शेवटी पुसट होतात. काय क्रम ठेवावा?

आपल्या प्रश्नात दोन वेगळी कारणे आहेत, म्हणून ती वेगळी घेतो.

पाय जातात याचे कारण मुख्यतः आकारमानात आहे. हे मॉडेल चित्रावर थेट काम करत नाही. ते आठपट लहान केलेल्या आवृत्तीवर काम करते. 1024 पिक्सेलचे चित्र आत 128 गुणिले 128 घरांचे असते. बगळ्याचा पाय आठ-दहा पिक्सेल रुंद असेल तर त्याच्या वाट्याला जेमतेम एक घर येते, आणि त्या एका घरात पाय, पाणी, प्रतिबिंब व जलरंगाची पसरलेली कडा हे सगळे मावायचे असते. तिथे शैली जिंकणारच. वजन कमी केल्याने हे सुटत नाही. पक्षी चौकटीत मोठा घ्यावा, किंवा चित्र आधी तयार करून मोठे करावे आणि पायांच्या पट्ट्यावर मास्क टाकून तेवढाच भाग पुन्हा काढावा. बारीक अवयव असलेल्या प्रत्येक विषयाला हे लागू आहे : बोटे, चष्म्याच्या काड्या, सायकलचे आरे, वाद्यांच्या तारा.

त्याबरोबर आकार धरून ठेवण्याचे काम शैलीच्या वाटेवर न ठेवता कंट्रोलनेटकडे द्यावे. त्याच्या रेषा किंवा खोली ओळखणाऱ्या प्रकारांतून फोटोचा फक्त सांगाडा पुढे जातो, रंग आणि पोत जात नाहीत. विषय एका वाटेने आणि शैली दुसऱ्या वाटेने गेल्यामुळे एकीला वाढवताना दुसरी घटत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. फोटोवरून चित्र करताना `denoise`, म्हणजे मूळ चित्र किती पुसून नव्याने काढायचे ते ठरवणारा आकडा, 0.4 च्या आसपास ठेवला तर फोटो सुटत नाही आणि 0.75 च्या वर नेला तर विषय सैल होतो, ही ओढाताण बऱ्याच जणांच्या ओळखीची असेल. सांगाडा कंट्रोलनेटने धरला की `denoise` 1 ठेवून कोऱ्या गोंगाटापासून सुरुवात करता येते आणि बगळा तरीही आपल्या जागी राहतो.

आता रेषा पुसट होण्याबद्दल. चित्र टप्प्याटप्प्याने घडते. पहिल्या टप्प्यांत मोठे आकार, गडद-उजळ भागांची वाटणी आणि रंगांचे पट्टे ठरतात; शेवटच्या टप्प्यांत कडा आणि बारीक पोत ठरतो. आपले दोन्ही अडॅप्टर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू असतील, तर कडा ठरण्याच्या वेळी जलरंगही तिथे हजर असतो आणि तो रेषा पसरवतो. आपल्याला वुडकटकडून रेषा हवी आहे आणि जलरंगाकडून रंगाचे पट्टे, म्हणून जलरंग आधी सोडावा आणि वुडकट उशिरा आणावे. मी पुढील मांडणीपासून सुरुवात करीन :

```
IPAdapter (watercolor)  weight 0.7   start_at 0.0   end_at 0.65
IPAdapter (woodcut)     weight 0.5   start_at 0.35  end_at 1.0
ControlNet (lineart)    strength 0.7 start_percent 0.0  end_percent 0.7
```

30 टप्प्यांच्या चित्रात याचा अर्थ असा होतो की सुमारे पहिले दहा टप्पे जलरंग एकटा काम करतो, मधले नऊ टप्पे दोघे मिळून करतात आणि शेवटचे दहा-अकरा टप्पे वुडकट एकटे करते. मधला समान पट्टा मुद्दाम ठेवला आहे. तो काढून एका शैलीवरून दुसरीवर एकदम उडी मारली तर काळ्या रेषा चित्रावर चिकटवल्यासारख्या दिसतात. कंट्रोलनेट 0.7 ला सोडला आहे, कारण तो शेवटपर्यंत धरला तर वुडकटची रेषा कोरीव होत नाही. फोटोतून काढलेली बारीक, एकसारख्या जाडीची रेषाच उरते आणि चित्र रंगवलेल्या तक्त्यासारखे निर्जीव दिसू लागते.

हाच क्रम उलटा करून पाहावा, म्हणजे त्याचे महत्त्व डोळ्यांना पटेल. वुडकट आधी आणि जलरंग नंतर ठेवला तर गडद-उजळ भागांची ठाशीव वाटणी वुडकटची येते, पण त्यावरचा पृष्ठभाग ओला आणि मऊ होतो. तेही चित्र चांगले असू शकते, फक्त ते वेगळे चित्र आहे. वरचे आकडे जसेच्या तसे अंतिम समजू नयेत. मॉडेल बदलले की ते सरकतात. क्रमामागचे कारण मात्र सरकत नाही.

प्रश्न : दोन शैलींचे दोन लोरा आहेत. दोन्ही एकेकटे 0.8 वर सुंदर चालतात. एकत्र 0.8 आणि 0.8 दिले की रंग भडकतात, कडा जळल्यासारख्या होतात.

लोरा ही एखादी शैली किंवा विषय शिकवलेली छोटी जोडफाइल असते आणि तो मूळ मॉडेलच्या वजनांमध्ये भर घालतो. दोन लोरांची भर एकमेकींवर चढते, आणि दोन्ही शैली ज्या बाबतीत एकाच दिशेने ढकलतात, उदाहरणार्थ अधिक गडद छाया किंवा अधिक तीव्र रंग, तिथे एकूण धक्का प्रमाणाबाहेर जातो. भडकपणा आणि जळलेल्या कडा ही त्याचीच खूण आहे. दोन्हींची बेरीज 1 च्या आसपास ठेवून सुरुवात करावी. ऑटोमॅटिक1111 च्या प्रॉम्प्टमध्ये ते असे लिहितात :

```
<lora:watercolor:0.6> <lora:woodcut:0.4>
```

हा नियम नाही, सुरक्षित आरंभ आहे. काही लोरा इतके जोरकस शिकवलेले असतात की 0.3 वरही चित्र ताब्यात घेतात, तर काही 0.9 शिवाय हलत नाहीत. चित्र तरीही जळत असेल तर प्रॉम्प्टचा जोर ठरवणारा `CFG` एक-दोन अंकांनी उतरवावा. पुष्कळदा एवढ्याने रंग ठिकाणावर येतात.

विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट तपासावी. एखादा लोरा प्रामुख्याने माणसांच्या चेहऱ्यांवर शिकवलेला असेल, तर तो बगळ्याच्या डोळ्यालाही माणसाच्या डोळ्याचा आकार देऊ पाहतो. तो एकटा, कमी वजनावर, आपल्या विषयावर चालवून पाहिल्याशिवाय दुसऱ्याशी जोडू नये.

प्रश्न : सगळे वजन सांभाळूनही मनासारखी काळी रेषा आणि स्वच्छ जलरंग एकत्र मिळत नाहीत. एकाच फेरीत मिळवण्याचा हट्ट सोडावा का?

सोडावा. आपल्याला जे हवे आहे ते दोन शैलींचे मिश्रण नसून एकावर एक ठेवलेले दोन थर आहेत, आणि थर थर म्हणूनच करावेत. कंट्रोलनेटचा तोच सांगाडा आणि तोच सीड ठेवून एक चित्र संपूर्ण जलरंगात करावे आणि दुसरे संपूर्ण काळ्या-पांढऱ्या वुडकटमध्ये. सांगाडा एकच असल्यामुळे दोन्हींतल्या बाह्यरेषा पुरेशा जवळ येतात. या कामापुरता तो दोन्ही फेऱ्यांत शेवटपर्यंत चालू ठेवावा. मग क्रिता, गिंप किंवा फोटोशॉपमध्ये जलरंगाचा थर खाली आणि वुडकटचा वर ठेवून वरच्या थराचा मोड `Multiply` करावा. त्या मोडमध्ये पांढरा भाग नाहीसा होतो आणि काळा तसाच राहतो, म्हणून जलरंगावर केवळ रेषा उतरतात. वरच्या थराची अपारदर्शकता 70 ते 90 टक्क्यांत ठेवली की रेषा कागदात मुरल्यासारखी वाटते.

जोड उघडी पडत असेल तर हे एकत्रित चित्र पुन्हा मॉडेलमधून `denoise` 0.2 ते 0.3 वर एकदा काढावे. एवढ्या कमी मूल्यावर आकार हलत नाहीत, फक्त दोन पोत एकमेकांत बसतात. 0.4 च्या पुढे गेलात तर पुन्हा तीच मधली, अर्धवट कडा येऊ लागेल.

प्रश्न : विषय हरवला आहे की नाही हे ठरवायचे कसे? तासभर तीच चित्रे पाहिल्यावर मला सगळीच बरी दिसतात.

चित्र अंगठ्याच्या नखाएवढे लहान करून पाहावे. त्या आकारात शैली जवळजवळ दिसत नाही, फक्त बाह्याकार उरतो. तिथे बगळा बगळाच दिसत असेल तर सांगाडा शाबूत आहे. मग पूर्ण आकारात फक्त ओळखीच्या खुणा तपासाव्यात : मानेचा बाक, चोचीची लांबी डोक्याच्या मानाने, डोळ्यामागचा काळा पट्टा. वुडकटचा जोर वाढला की हा पट्टा सर्वांत आधी धोक्यात येतो, कारण मानेवरच्या इतर कोरीव काळ्या रेषांमध्ये तो मिसळून जातो आणि पक्षी कोणता हे सांगणारी खूण नाहीशी होते. असे दिसले तर एकूण जोर न उतरवता डोक्याभोवती मास्क टाकून तेवढ्या भागात वुडकटचे वजन कमी करावे.

थकलेल्या डोळ्यांसाठी तुलनेची चौकट आधीच आखून घ्यावी : आडव्या ओळीत दोन शैलींचे प्रमाण, उभ्या ओळीत एकूण जोर, सर्वत्र एकच सीड. अशा चौकटीत विषय हरवण्याची जागा हळूहळू येत नाही, बहुधा एका घरावरून दुसऱ्या घरावर जाताना एकदम येते. त्या घराच्या अलीकडचे मूल्य घ्यावे आणि तिथून सीड बदलून पुन्हा पाहावे, कारण एका सीडवर टिकलेला विषय दुसऱ्यावर टिकेलच असे नाही. तीन-चार सीडवर खुणा शाबूत राहिल्या तरच ते मूल्य वहीत नोंदवावे, आणि त्याशेजारी मॉडेलची आवृत्तीही लिहावी. कॉम्फीयूआयने जतन केलेल्या पीएनजी फाइलमध्ये संपूर्ण मांडणी आपोआप साठवलेली असते, पण तीच फाइल जेपीजीमध्ये बदलली की ती माहिती सहसा निघून जाते.